नकार आल्यावर ‘रिझ्युमे ठेवून घ्या’ म्हणताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची बरीच मुलं पुणे-नाशिकच्या कंपन्यांत मुलाखत देऊन येतात, नकाराचा मेल आला की ‘ओके सर, काही असेल तर कळवा’ एवढंच लिहितात. या ओळीचा एचआरला काहीच उपयोग नसतो. नवी जागा निघाली की तिथली माणसं पदाचं नाव, कौशल्य, शहर आणि किती दिवसांत रुजू होणार हे टाकून जुने रिझ्युमे शोधतात. ‘काहीही चालेल’ असं लिहिणारा या शोधात सापडत नाही.

समजा, जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात तीन वर्षं क्वालिटी विभागात असलेल्या डिप्लोमावाल्या मुलाला चाकणच्या कंपनीने नाकारलं, कारण सीएमएम मशीनचा अनुभव नाही. त्याने दुसऱ्या दिवशी असं लिहावं:

‘मॅडम, निर्णय कळवल्याबद्दल आभार. सीएमएमचा अनुभव लागत नाही अशी इनकमिंग किंवा लाइन क्वालिटीची जागा पुढे निघाल्यास माझा विचार व्हावा, म्हणून माझा रिझ्युमे कृपया आपल्याकडे ठेवावा. सध्या जळगावला आहे, नोटीस पिरियड ३० दिवस, चाकणला राहायला येण्याची तयारी आहे.’

शेवटचं वाक्य आपल्याकडच्या मुलांनी गाळूच नये. रिझ्युमेवर फक्त यावल किंवा शिरपूरचा पत्ता दिसला, की हा मुलगा खरंच येईल का, अशी शंका घेऊन तो बाजूला पडू शकतो.

हा मेल नकाराच्या मेललाच रिप्लाय म्हणून जावा, म्हणजे मुलाखतीचा सगळा संदर्भ खाली राहतो. नवा मेल टाकला तर आपण कोण, हेच त्यांना शोधावं लागतं. ‘मला का नाकारलं?’ हा वाद त्यात आणू नका. विनंती मागे पडते आणि उत्तर द्यायचं टाळलं जातं.

समोर कंपनीचा एचआर आहे की कन्सल्टन्सीचा माणूस, हे न पाहणं ही मला सगळ्यात महागाची चूक वाटते. एचआर फक्त स्वतःच्या कंपनीतल्या जागा सांगेल, कन्सल्टंटकडे अनेक कंपन्या असतात. म्हणून त्याला एक ओळ जास्त लिहा: ‘कुठल्याही कंपनीला रिझ्युमे पाठवण्याआधी मला विचारावं.’ एकच रिझ्युमे दोन वाटांनी पोचला तर उमेदवार कोणी आणला यावर वाद होतो, आणि त्या भानगडीत कंपनी उमेदवारालाच वगळू शकते.

नंतर दर आठवड्याला ‘काही आहे का?’ विचारू नका. दोन-तीन महिन्यांनी, सांगण्यासारखं काही बदललं असेल तर त्याच मेलवर लिहा: सीएमएमचा कोर्स झाला, नोटीस पिरियड संपला. मोबाइल नंबर बदलला तर मात्र लगेच कळवा; जुना नंबर लागला नाही तर ते पुढच्या नावाकडे जातात.

आणि त्याच कंपनीची जाहिरात तुम्हाला दिसली, तर ‘त्यांच्याकडे रिझ्युमे आहेच’ म्हणून थांबू नका. रीतसर अर्ज करा आणि आधीच्या मुलाखतीचा महिना व पद त्यात लिहा.