पावसाळ्यात क्षार तोलताना आणि ठेवताना या चुका टाळा

कोकणातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये जुलैत पाण्याच्या हार्डनेसचं प्रॅक्टिकल चालू होतं. हार्डनेस मोजायला वापरतात ते ईडीटीएचं द्रावण तपासायला मुलांनी कॅल्शियम क्लोराइडचं ०.०१ मोलर द्रावण केलं. बाटलीवर डायहायड्रेट लिहिलेलं, म्हणजे CaCl₂·2H₂O, रेणूभार १४७. हिशेबाने १.४७० ग्रॅम तोलून एक लिटर केलं. यातलं २५ मिली घेतलं तर ०.०१ मोलर ईडीटीए २५ मिलीच लागायला हवं. लागलं २१.३. तिन्ही वेळा तेवढंच.

मुलांना वाटलं ईडीटीए चुकलं. मी त्यांना कॅल्शियम कार्बोनेट घ्यायला सांगितलं, कारण कार्बोनेट हवेतलं पाणी जवळजवळ घेतच नाही. ओव्हनमध्ये वाळवलेलं १.००१ ग्रॅम कार्बोनेट थोड्या पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवलं, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवला आणि गार झाल्यावर एक लिटर केलं. तेच पिपेट, तोच पॅटन-रीडर इंडिकेटर, पी-एच १२ च्या आसपास. रीडिंग आलं २५.०. म्हणजे ईडीटीए बरोबर होतं आणि दोष क्लोराइडच्या बाटलीत होता.

आता उलटा हिशेब करा. २१.३ मिली लागलं याचा अर्थ द्रावण ०.०१ नसून ०.००८५२ मोलर होतं. तेवढ्याला डायहायड्रेट लागतं १.२५२ ग्रॅम. उरलेलं ०.२१८ ग्रॅम वजन निव्वळ हवेतल्या पाण्याचं, आणि ते आपण क्षार म्हणून तोललं. हे कुणी तपासलं नसतं आणि त्याच द्रावणावरून ईडीटीएची तीव्रता काढली असती, तर ती ०.०११७ मोलर निघाली असती. मग २०० हार्डनेसचं पाणी रिपोर्टमध्ये २३५ झालं असतं. विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टवर गावात निर्णय होतात, म्हणून मला ही चूक लहान वाटत नाही.

पहिली चूक: दाणे मोकळे आहेत म्हणजे क्षार कोरडा आहे असं धरणं

स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे सगळ्यांना माहीत आहे. शुद्ध सोडियम क्लोराइडला पाणी सुटायला हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर जावी लागते. खडेमीठ त्याआधीच ओलं होतं, कारण त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि त्याला ३३ टक्के पुरतात. कॅल्शियम क्लोराइडला तर ३० च्या आसपासच. किनारपट्टीवर जुलैत हवा ८५-९० टक्क्यांवर असते, म्हणजे बाटली उघडी राहिली की ते चिघळणारच. डेलिक्वेसंट म्हणतात ते यालाच.

चिघळलेलं दिसलं तर कुणी ते तोलत नाही. धोका त्याच्या आधीच्या टप्प्यात आहे. डायहायड्रेट आधी पाणी स्फटिकाच्या आत घेतं आणि हळूहळू सहा पाण्यांच्या हेक्झाहायड्रेटकडे सरकतं. तेव्हा दाणे थोडे चिकटतात, एखादी गुठळी होते, पण ओल दिसत नाही. सगळं हेक्झाहायड्रेट झालं तर रेणूभार २१९ होतो आणि तेच १.४७० ग्रॅम तुम्हाला ०.००६७ मोलर द्रावण देतं, म्हणजे एक तृतीयांश कमी.

ओळखायची सोपी खूण फ्लास्कच्या तळाशी असते. कोरडं किंवा डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड थोड्या पाण्यात चांगल्या प्रमाणात घातलं की काच हाताला गरम लागते. हेक्झाहायड्रेट विरघळताना ती उलट गार होते. नव्या बाटलीशी शेजारी ठेवून पाहा, फरक हाताला कळतो. दुसरी खूण तराजूवर: रीडिंग स्थिर न होता शेवटच्या अंकात वर वर सरकत राहतं.

दुसरी चूक: तराजूवर नेमका आकडा गाठत बसणं

१.४७० हवं म्हणून मुलं फिल्टर पेपरवर चिमूट टाकतात, काढतात, परत टाकतात. तेवढ्यात बाटलीही उघडी असते. दोन मिनिटांत पेपरवरचे दाणे चिकटू लागतात आणि काही पेपरवरच राहतात. शिवाय काढलेली चिमूट परत बाटलीत जाते आणि सोबत ओल घेऊन जाते.

झाकणाची वेइंग बॉटल घ्या. अंदाजे दीड ग्रॅम झटकन आत टाका, झाकण लावा, तोला. माल बीकरमध्ये ओतून रिकामी बाटली झाकणासकट परत तोला. फरक १.५१२ येवो की १.४३८, तो लिहून ठेवा. मात्र अशा क्षाराच्या वजनावरून तीव्रता कधीच ठरवू नका. द्रावण अंदाजे करा आणि वर सांगितलं तसं, कार्बोनेटवर तपासलेल्या ईडीटीएने त्याची खरी तीव्रता काढा. कॅल्शियमचं प्रमाण द्रावणच हवं असेल तर ते थेट कार्बोनेटपासूनच करा, क्लोराइडच्या वाटेला जाऊ नका.

ओव्हनमध्ये वाळवून प्रश्न सुटेल असं पुष्कळांना वाटतं. ११० अंशांवर काढलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये नेमकं किती पाणी उरलं ते खात्रीने सांगता येत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट तापवलं तर पाण्यासोबत हायड्रोक्लोरिक ॲसिडही निघून जातं आणि मागे वेगळंच काही उरतं, जे पाण्यात नीट विरघळतही नाही.

तिसरी चूक: सगळं डेसिकेटरमध्ये ठेवणं

ओल लागू नये म्हणून कपाटातले सगळे क्षार सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये भरलेले मी पाहिले आहेत. त्यात धुण्याचा सोडा, Na₂CO₃·10H₂O, असेल तर त्याचं नुकसानच होतं. हा क्षार इफ्लोरेसंट आहे, म्हणजे आपलं स्फटिकजल हवेत सोडतो. डेसिकेटरची कोरडी हवा ते आणखी वेगाने ओढून घेते. काचेसारख्या पारदर्शक खड्यावर पिठासारखा पांढरा थर चढलेला दिसला की समजा, पाणी गेलं.

इथे चूक उलट्या दिशेला होते. ०.१ मोलर द्रावणासाठी तुम्ही २८.६ ग्रॅम तोलता. खड्यांनी २० टक्के वजन गमावलं असेल तर त्या २८.६ ग्रॅममध्ये सोडा सव्वापट असतो आणि द्रावण ०.१२५ मोलर होतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे डेसिकेटरशिवायही होतं, कारण हवा कोरडी असते आणि साधारण ३२ अंशांच्या वर दहा पाण्यांचा हा स्फटिक टिकतच नाही, स्वतःच्याच पाण्यात विरघळू लागतो.

म्हणून प्रमाण द्रावणाला धुण्याचा सोडा वापरूच नका. निर्जल सोडियम कार्बोनेट २५० ते २७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि लगेच तोला. एक लिटर ०.०५ मोलर, म्हणजेच ०.१ नॉर्मल, द्रावणाला ते ५.३०० ग्रॅम लागतं. तेही उघडं ठेवलं तर हळूहळू ओल धरतं, त्यामुळे गार झाल्यावर उद्यावर ढकलू नका.

साठवणुकीचं एवढंच सांगतो. पाणी सुटणाऱ्या क्षारांची ५०० ग्रॅमची बाटली घेण्यापेक्षा १०० ग्रॅमच्या पाच घ्या आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. फ्रिजमधून काढलेली बाटली लॅबच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड नेहमी लागत असेल तर नवी बाटली उघडल्या दिवशीच तिचं १ मोलर स्टॉक द्रावण करून ठेवा. त्याची तीव्रता एकदा काढून बाटलीवर लिहिली की घट्ट झाकणाखाली ती टिकते, आणि पुढे पावसाळाभर तोलायचं कामच उरत नाही, पिपेटने काढलं की झालं.