मान लांब दिसली म्हणून करकोचा होत नाही: पाणथळीतले फोटो ओळखताना

मी सांगलीचा. दोन हिवाळे झाले, सुट्टीच्या दिवशी पहाटे गाडी काढून येरळवाडीला जातोय, खटाव तालुक्यात येरळा नदीवर धरण आहे ना, तिथं. नव्यानं कॅमेरा घेतलेले बरेच जण बगळे आणि करकोचे यात गोंधळतात, मीही गोंधळलो होतो, म्हणून माझी एक चूक सविस्तर सांगतो कारण त्या एका चुकीतून मला जेवढं कळलं तेवढं नुसती चित्रं बघून कळलं नव्हतं.

जानेवारीतली सकाळ, उन्ह नुकतं वर आलेलं. काठावरनं एक मोठा राखट पांढरा पक्षी उठला. मी बर्स्टमध्ये बटण दाबून धरलं, चौदा फ्रेम मिळाल्या. घरी येऊन सगळ्यात शार्प फ्रेम निवडली, ती पहिलीच होती. मान पुढं ताणलेली, पाय मागं लोंबलेले, पंखांच्या मागच्या कडेला काळं. मी लगेच लिहून टाकलं, उघड्या चोचीचा करकोचा. ग्रुपमधले एक काका आहेत, तीस वर्षं पक्षी बघतात, त्यांना फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडं बघून एवढंच विचारलं, "बाळा, याच्या पुढचे फोटो कुठायत?"

पुढचे दाखवले. चौथ्या फ्रेमपर्यंत मान सरळच होती, पाचव्यात ती वाकायला लागली आणि नवव्या फ्रेमला पूर्ण आत ओढलेली, डोकं खांद्यांवर आणि गळ्याखाली फुगीर गाठ आल्यासारखी. तो राखी बगळा होता. मग मीच परत पहिली फ्रेम झूम करून बघितली तर शेपूट राखाडी, डोळ्यावरून मागं जाणारी काळी पट्टी, चोच सुरीसारखी सरळ. उघड्या चोचीच्या करकोच्याची शेपूट काळी असते आणि चोच जाडजूड. सगळं त्याच फोटोत होतं, पण मी मान बघितली आणि तिथंच थांबलो.

मानेचा नियम तसा खरा आहे. बगळे उडताना मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपून घेतात आणि करकोचे मान पुढं ताणून उडतात, आपल्या भागात दिसणाऱ्या करकोच्यांना हा नियम बरोबर लागतो. कारण हाडात आहे. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या आकाराचा आणि लांब असतो, त्यामुळं मान तिथं कोयत्यासारखी मोडते आणि मासा दिसला की स्प्रिंगसारखी सुटते. करकोच्याच्या मानेत ही मोड नाही. पण नियम कधी लागू होतो हे कुणी सांगत नाही. बगळा जागेवरनं उठताना आणि उतरताना थोडा वेळ मान लांब करतोच, आणि फोटो नेमके तेव्हाचेच जास्त मिळतात कारण पक्षी जवळ असतो आणि आपण तयार असतो. म्हणून उडत्या पक्ष्याची किमान पाच-सात फ्रेमची रांग ठेवा, डिलीट करताना "ब्लर आहे" म्हणून मधल्या फ्रेम काढून टाकू नका, ओळखायला त्या ब्लर फ्रेमच कामाला येतात. आणि उभ्या पक्ष्यावर मानेचा निकष लावूच नका. थंडीत करकोचाही मान खांद्यात घालून गुमान उभा असतो आणि बगळा बांबूसारखा सरळ ताठ उभा राहतो.

मानेनंतर चोच. भाल्यासारखी सरळ, टोकदार, डोक्याच्या मानानं सडपातळ असली की बगळा. बुडाशी जाड, जड, डोक्याचा सगळा पुढचा भाग व्यापणारी असली की करकोचा. चित्रबलाक हाही करकोचाच, त्याची चोच पिवळी आणि टोकाला थोडी खाली झुकलेली, ती एकदा बघितली की विसरत नाही. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीत मध्ये फट असते, तो गोगलगायी खातो. पण पिल्लाला ही फट नसते, ती वाढताना येते, त्यामुळं "फट दिसत नाही म्हणजे हा करकोचा नाही" असं म्हणता येत नाही. शिवाय लांबून बॅकलाइटमध्ये मोठ्या पक्ष्याची फटही भरून गेल्यासारखी दिसते.

आता खरी गंमत पांढऱ्या बगळ्यांची, तिथं मात्र वेळ द्या. पांढऱ्या बगळ्यांचे फोटो आले की लोक आधी साइज बघतात, आणि एकटा पक्षी असेल तर साइज फसवते. माझ्याकडं एक फोटो होता, काळे पाय, पिवळी चोच, मान लांब, मी मोठा बगळा लिहिला. काकांनी चोचीच्या कोपऱ्यापासून मागं जाणारी काळसर रेघ दाखवली, जिथं तोंड उघडतं ती. ती रेघ डोळ्याच्या मागं गेली तर मोठा बगळा, डोळ्याच्या खालीच संपली तर मध्यम बगळा. माझ्या फोटोत ती डोळ्याखालीच थांबली होती. तो मध्यम बगळा होता. या एका रेघेसाठी डोकं शार्प लागतं, म्हणून मी आता फोकस डोळ्यावर ठेवतो आणि उन्हात पांढरं जळू नये म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घेतो. पांढरा भाग एकदा जळला की ती रेघ नंतर काढता येत नाही.

छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे, हे पाठ असतं सगळ्यांना. पण पंजे पाण्यात किंवा चिखलात असले की पिवळे दिसतच नाहीत, त्यामुळं पक्षी पाय उचलेपर्यंत थांबा, एक पाऊल टाकलं की कळतं. आणि पावसाळ्यात विणीच्या काळात मोठ्या आणि मध्यम बगळ्याचीही चोच काळी होते, त्यामुळं "काळी चोच म्हणजे छोटा बगळा" हे जूनमध्ये चालत नाही. तेव्हा रेघ, पंजे आणि मानेची लांबी तिन्ही एकत्र बघावी लागते. गायबगळ्याचं मात्र सोपं, उसाच्या फडात नांगरणीमागं फिरणारा, आखूड मानेचा, पिवळ्या आखूड चोचीचा.

पायाच्या रंगावर मी सगळ्यात शेवटी जातो. सकाळच्या उन्हात राखाडी पाय गुलाबी दिसतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स त्यात भर घालतो. विणीच्या काळात बगळ्यांच्या पायात लालसर झाक येते. आणि करकोचे उन्हाळ्यात स्वतःच्या पायांवरच विष्ठा सोडतात, अंग थंड राहायला, त्यामुळं गुलाबी पाय चुना लावल्यासारखे पांढरे होतात. पहिल्यांदा मी असा चित्रबलाक बघितला आणि पायाला काही रोग झालाय वाटलं. उलट ते पांढरे पाय दिसले की मला आता करकोचा असल्याची शंका जास्त येते.

जो फोटो शेवटपर्यंत सुटत नाही त्यावर मी "बगळा, जात नक्की नाही" असं लिहून सोडतो. त्या चौदा फ्रेममधली पहिली अजून डेस्कटॉपवर ठेवलीय आणि नवीन कुणी आलं की तीच आधी दाखवतो, पुढच्या तेरा झाकून.