इम्पेअरमेंट आणि रिव्हॅल्युएशन सरप्लस एकाच गणितात आले की

आयएफआरएसच्या पेपरांत आणि पुढे कामावरही या गणितात एकच चूक मला सारखी दिसते. कॅश-जनरेटिंग युनिटचा अख्खा इम्पेअरमेंट तोटा लोक रिव्हॅल्युएशन सरप्लसमधून वळता करतात. सरप्लस मात्र एका मालमत्तेचा असतो, युनिटचा नव्हे. त्यामुळे तोटा कोणत्या मालमत्तेवर किती पडतो ते आधी आयएएस ३६ प्रमाणे काढायचं, मग तो कुठे नोंदवायचा ते बघायचं.

एक उदाहरण घेऊ, आकडे लाखांत. इमारतीची मूळ किंमत १०००, आयुष्य ५० वर्षं. दहा वर्षांनी पुस्तकी किंमत ८०० असताना रिव्हॅल्युएशन होऊन ती १२०० झाली, म्हणजे सरप्लस ४००. उरलेली ४० वर्षं धरली तर घसारा २० वरून ३० वर जातो. जादाचे १० दरवर्षी सरप्लसमधून थेट रिटेन्ड अर्निंग्जला न्यायचे, नफा-तोटा पत्रकाला हात न लावता. आयएएस १६ याची सक्ती करत नाही, पण आपण तसं केलं असं धरू. चार वर्षांनी इमारत १०८०, सरप्लस ३६०.

आता युनिटमध्ये इमारत १०८०, यंत्रं ७२० आणि गुडविल २००, एकूण २०००. रिकव्हरेबल अमाउंट १५००, म्हणून तोटा ५००. आधी गुडविल पूर्ण जातं. उरलेले ३०० पुस्तकी किमतींच्या प्रमाणात: इमारत १८०, यंत्रं १२०. इमारतीचे १८० तिच्या सरप्लसमध्ये मावतात, म्हणून ते ओसीआयमध्ये. बाकी ३२० नफा-तोट्यात.

इमारत ९००, सरप्लस १८०, उरलेली वर्षं ३६. पुढचा घसारा २५, सरप्लसमधून वर्ग होणारे ५. जुनेच १० वर्ग करत राहणं ही दुसरी नेहमीची गफलत. ताळा सोपा आहे: ९०० वजा १८० म्हणजे ७२०, आणि मूळ किमतीवर चौदा वर्षांचा घसारा वजा केला तरी ७२०च उरतात. (डिफर्ड टॅक्स इथे बाजूला ठेवला आहे.)

खरी मेख मात्र पुढे आहे. रिव्हॅल्यू केलेली इमारत बाजारभावाच्या जवळच असते आणि विक्रीखर्च वजा जाता येणाऱ्या बाजारमूल्याच्या खाली तिला उतरवता येत नाही. समजा ते मूल्य ९७२ आहे. मग इमारतीवर १०८च पडतात आणि राहिलेले ७२ यंत्रांवर जातात, तेही त्यांची स्वतःची मर्यादा आड येत नसेल तर. यंत्रांचा वाटा १९२ होतो, ओसीआयमध्ये फक्त १०८ आणि नफा-तोट्यातला फटका ३९२. युनिटचा तोटा तोच, पण नफा ७२ ने कमी. इमारतीचा पुढचा घसारा २७, वर्ग होणारे ७. ताळा इथेही ७२०च येतो.