६० टेराबाइट क्लाउडवर नेताना अडलं कुठे

माझ्या पहिल्या मोठ्या डेटा स्थलांतरात ६० टेराबाइट हलवायचे होते. एका प्रयोगशाळेचा जुना साठा होता तो. त्यातले ४८ टेराबाइट मोठमोठे व्हिडिओ होते, आणि उरलेल्या १२ टेराबाइटमध्ये सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांचे जवळपास ३ कोटी छोटे तुकडे, प्रत्येकी साधारण ४०० केबीचे. या १२ टेराबाइटने मला जे शिकवलं ते नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, कारण नेटवर्क, स्वतंत्र लाइन की क्लाउड कंपनीकडून मागवून, डेटा भरून कुरिअरने परत जाणारं डिव्हाइस, या तुलनेत मी चुकीच्या ठिकाणापासून सुरुवात केली होती.

आमची लाइन ५०० एमबीपीएसची. कागदावर हिशोब सोपा होता. ५०० ला ८ ने भागलं की सेकंदाला ६२.५ मेगाबाइट, म्हणजे ६० टेराबाइटला ११ दिवस. पण ऑफिसचं कामही त्याच लाइनवर चालायचं. दिवसा १०० एमबीपीएस आणि रात्रीचे बारा तास ४०० एमबीपीएस वापरायची परवानगी मिळाली. म्हणजे दिवसाला साधारण २.७ टेराबाइट, एकूण २२ दिवस. जुन्या स्टोरेजचा करार सहा आठवड्यांनी संपत होता, त्यामुळे हे जमण्यासारखं होतं.

मग एका रात्री तुकड्यांचं एक फोल्डर चढवून पाहिलं. वेग मिळाला सेकंदाला १२ मेगाबाइट, आणि या वेगाने ५८ दिवस लागले असते. मी लगेच निष्कर्ष काढला की लाइन कमी पडतेय, आणि डिव्हाइस मागवलं.

स्वतंत्र लाइनचा विचार त्याआधी झाला होता, पण फार वेळ नाही. डायरेक्ट कनेक्ट किंवा एक्सप्रेसरूट म्हणजे तुमच्या नेटवर्कपासून क्लाउडवाल्यांच्या जोडणीकेंद्रापर्यंतची खाजगी वाट. त्या केंद्रात पोर्ट घ्यायचा, क्रॉस कनेक्टची केबल ओढून घ्यायची, शिवाय तुमच्या इमारतीपासून त्या केंद्रापर्यंतची लाइन दुसऱ्याच कंपनीकडून आणायची. यात आठवडे जातात, कधी महिने, आणि भाडं दरमहा चालू राहतं. रोज भरपूर डेटा ये-जा करणार असेल तर ती घ्यावीच. एकदाच साठा उचलायचा असेल तर लाइन सुरू होईपर्यंत काम दुसऱ्या वाटेने संपलेलं असतं. आणखी एक, खाजगी वाट म्हणजे एन्क्रिप्टेड वाट असं समजू नका. डायरेक्ट कनेक्टवरची वाहतूक आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, ती सोय आपणच करावी लागते.

डिव्हाइस आठव्या दिवशी आलं. ८० टेराबाइट मावणारं, १० गिगाबिटचे पोर्ट असलेलं. इथे एक गोष्ट आधीच तपासा: तुमच्या स्विचवर १० गिगाबिटचा मोकळा पोर्ट आहे का? १ गिगाबिटवर जोडलं तर पूर्ण वेगातही ६० टेराबाइट भरायला साडेपाच दिवसांहून जास्त लागतात. आमच्याकडे पोर्ट होता. मी तुकड्यांची कॉपी सुरू केली आणि पडद्यावर आकडा दिसला सेकंदाला १५ मेगाबाइट. डिव्हाइस माझ्यापासून हातभर अंतरावर, मधे इंटरनेट नाही, तरी वेग जवळपास तोच.

सोबतच्या वरिष्ठ सहकारी ताईंनी एकच प्रश्न विचारला, "अगं, नुसतं वाचायला किती वेळ लागतो ते मोजलंस का?" मोजलं नव्हतं. त्यांनी ही कमांड चालवायला सांगितली:

```
tar -cf - /data/tiles/2019-03 | pv > /dev/null
```

ही फक्त डिस्कवरून वाचते आणि वेग दाखवते, कुठेही लिहीत नाही. मधला `pv` काढून थेट `tar -cf /dev/null` असं लिहू नका. जीएनयू टारला आउटपुट `/dev/null` आहे हे कळतं आणि तो फाइलींमधला मजकूर वाचतच नाही, त्यामुळे आकडा खोटाच भन्नाट येतो. शिवाय तेच फोल्डर लगेच दुसऱ्यांदा मोजलं तर डेटा मेमरीतून येतो, म्हणून दर वेळी नवं फोल्डर घ्या.

तुकड्यांचा वाचनवेग निघाला सेकंदाला ६० मेगाबाइट, व्हिडिओंचा ३०० च्या वर. म्हणजे डिस्क ६० देत होती आणि डिव्हाइसवर पोचत होते १५. उरलेला वेळ जात होता प्रत्येक फाइल उघडणं, तिचं नाव नोंदवणं, परवानग्या लावणं, बंद करणं यात. हे काम फाइल ४०० केबीची असो वा ४० जीबीची, जवळपास सारखंच असतं. ३ कोटी वेळा केलं की तेच मुख्य काम होऊन बसतं. नेटवर्कवरही हेच झालं होतं: प्रत्येक तुकड्यासाठी विनंती जायची, उत्तर यायचं, मग पुढचा. एका वेळी चारच फाइली चालू असल्याने लाइन बहुतेक वेळ रिकामी बसलेली.

उपाय म्हणून तुकडे महिनावार टार फाइलींमध्ये बांधले आणि त्या थेट डिव्हाइसवर लिहिल्या. कॉम्प्रेस केल्या नाहीत. साध्या टारमध्ये कुठली फाइल कितव्या बाइटपासून सुरू होते याची सूची ठेवली की पुढे क्लाउडवरून तेवढाच भाग मागवता येतो. १२ टेराबाइट सव्वादोन दिवसांत भरले. ४८ टेराबाइट व्हिडिओंना मात्र दोन दिवसही लागले नाहीत!

पुढचा हिशोबही सांगते. डिव्हाइस यायला ८ दिवस, भरायला वाया गेलेला दिवस धरून ६, परत जायला ५, तिकडे क्लाउडमध्ये उतरायला ४ आणि पडताळणीला ३, एकूण २६ दिवस. त्या काळात प्रयोगशाळेत रोज नवा डेटा तयार होतच होता, तो शेवटी नेटवर्कनेच पाठवला. नंतर कुतूहल म्हणून तुकड्यांचं वेगळं फोल्डर रात्री असं चढवून पाहिलं:

```
rclone copy /data/tiles/2020-07 remote:test --transfers 32 --progress
```

मूळ चार ऐवजी ३२ फाइली एकाच वेळी. वेग मिळाला सेकंदाला ४५ मेगाबाइट, म्हणजे रात्रीची लाइन जवळपास भरली. लाइन कमी नव्हतीच. ६० टेराबाइटला नेटवर्क २२ दिवसांच्या आसपास आणि डिव्हाइस २६, म्हणजे नेटवर्कच बरं होतं. हाच साठा ३०० टेराबाइटचा असता तर आमच्या लाइनला ११० दिवस लागले असते, आणि चार डिव्हाइसं एकदम मागवून काम त्याच्या निम्म्याहून कमी वेळात झालं असतं. डिव्हाइस तुमच्यासाठी उपलब्ध आहे का तेही आधी बघा. एडब्ल्यूएसने नोव्हेंबर २०२५ पासून नव्या ग्राहकांना स्नोबॉल हे आपलं डिव्हाइस देणं थांबवलं आहे.

पडताळणीचे ते तीन दिवस कापू नका. मूळ डिस्कवर प्रत्येक फाइलचा `sha256sum` आधी काढून ठेवा. एस३ वर दिसणारा ईटॅग मोठ्या फाइलींसाठी जुळवू नका. मल्टिपार्टने चढलेल्या फाइलीचा ईटॅग त्या अख्ख्या फाइलीचा एमडी५ नसतो, शेवटी डॅश आणि भागांची संख्या दिसली की ओळखा. आमच्या मोजणीत २१४ व्हिडिओ कमी भरले. नावाच्या शेवटी मोकळी जागा असलेल्या फाइली वाटेत नाकारल्या गेल्या होत्या, आणि त्यांची नोंद डिव्हाइसच्या एरर लॉगमध्ये होती. नावं बदलून त्या नेटवर्कने पाठवल्या, हॅश पुन्हा जुळवले, आणि मगच जुनं स्टोरेज पुसायला परवानगी दिली.