स्नोफ्लेक की यूयूआयडी? काट्याच्या पावतीला नंबर देताना या चुका टाळा

सातारा-सांगली पट्ट्यात उसाचं गाळप सुरू झालं की कारखान्याचा काटा चोवीस तास चालतो. समजा 12 कारखान्यांच्या काट्यांसाठी आपण एकच सॉफ्टवेअर दिलंय. प्रत्येक कारखान्यात स्वतःचा सर्व्हर, आणि रात्री सगळ्या पावत्या हेड ऑफिसच्या डेटाबेसमध्ये जमा होतात. पावतीचा नंबर दर वेळी हेड ऑफिसकडून मागायचा म्हटलं, तर नेट गेलं की काटा थांबणार आणि ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर जाणार. म्हणून प्रत्येक सर्व्हरने आपापला नंबर तयार करायचा, तो दुसऱ्या कुणाशी जुळता कामा नये, आणि साधारण वेळेच्या क्रमाने लागला पाहिजे.

बहुतेक जण इथे ट्विटरने 2010 मध्ये आणलेली स्नोफ्लेक पद्धत उचलतात. 64 बिटांचा आकडा: पहिला बिट शून्य, मग 41 बिट ठरवलेल्या तारखेपासूनच्या मिलिसेकंदांचे, 10 बिट मशीनच्या नंबराचे आणि 12 बिट त्याच मिलिसेकंदातल्या अनुक्रमाचे. आकडा एकमेव राहतो तो एकाच अटीवर: वेळ, मशीन आणि अनुक्रम हे त्रिकूट पुन्हा कधीही यायला नको. खाली आलेल्या बहुतेक भानगडी ही अट मोडल्यामुळे होतात.

एकच मशीन नंबर दोन ठिकाणी

एका कारखान्यात सर्व्हर नीट बसला की त्याची इमेज काढून दुसऱ्या कारखान्यात टाकायची, हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट. इमेजबरोबर `WORKER_ID=5` ही ओळही तिकडे जाते. टेस्टिंगला काहीच दिसत नाही. आठवडाभर पावत्या बिनबोभाट निघतात. मग एका रात्री हेड ऑफिसला हे येतं:

```
ERROR 1062 (23000): Duplicate entry '137782886400020480'
for key 'pavti.PRIMARY'
```

असा आकडा आला की आधी तो सोडवून बघायचा. आपली सुरुवातीची तारीख 1 जानेवारी 2024 (यूटीसी) धरली, म्हणजे मिलिसेकंदांत 1704067200000, तर पायथॉनमध्ये:

```python
n = 137782886400020480
print((n >> 22) + 1704067200000)  # 1736917200000
print((n >> 12) & 1023)           # 5
print(n & 4095)                   # 0
```

पहिला आकडा म्हणजे 15 जानेवारी 2025, भारतीय वेळेने सकाळचे 10:30. मशीन 5, अनुक्रम 0. आता दोन्ही पावत्यांचा कारखाना कोणता ते बघा. दोन वेगळ्या कारखान्यांच्या पावत्यांत मशीन 5 दिसलं, की दोष इमेजचा.

आठवडाभर का दिसलं नाही, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. अनुक्रम प्रत्येक मिलिसेकंदाला शून्यापासून सुरू होतो आणि काट्यावर गर्दी अशी नसतेच, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पावतीचा अनुक्रम 0. म्हणजे दोन कारखान्यांत एकाच मिलिसेकंदाला पावती निघाली की नंबर जुळलाच. मिनिटाला एक पावती धरली तर दोनच कारखान्यांत असं सरासरी 40-42 दिवसांतून एकदा होईल. पण 12 ठिकाणी एकच इमेज असेल तर जोड्या होतात 66, आणि मग रोज एक-दोन पावत्या आदळतात. उलट सेकंदाला 20 नंबर काढणारं एखादं वेब अॅप असेल, तर दोन सर्व्हरांतही दर दोन-तीन सेकंदांना एक टक्कर. थोडक्यात, काम जितकं कमी तितका हा रोग लपतो.

त्यात जमा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणी `INSERT IGNORE` लिहिलं असेल, तर एररसुद्धा येत नाही. दुसऱ्या शेतकऱ्याची पावती गुपचूप गळते. `ON DUPLICATE KEY UPDATE` असेल तर त्याहून वाईट: एकाच्या पावतीवर दुसऱ्याचं टनेज चढतं, आणि हे कळतं थेट बिलाच्या दिवशी, चिटबॉयशी भांडण झाल्यावर. जमा करताना साधं `INSERT` ठेवा आणि एरर येऊ द्या.

नंबर यादृच्छिक निवडला तर? मशीन नंबर एकूण 1024 आहेत, म्हणून हे सुरक्षित वाटतं. पण 40 सर्व्हरांनी असे नंबर उचलले तर कुठल्या तरी दोघांचा नंबर एकच येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. आयपीचा शेवटचा भाग घ्यायची युक्तीही तितकीच कच्ची, कारण प्रत्येक कारखान्याचं आतलं नेटवर्क बहुधा 192.168.1 नेच सुरू होतं.

सरळ उपाय असा: हेड ऑफिसला एक तक्ता ठेवायचा आणि सर्व्हर बसवतानाच तिथून त्याचा नंबर घ्यायचा. हे काम एकदाच होतं, पावतीगणिक नाही, त्यामुळे नेट गेलं तरी काटा अडत नाही. आणि एका सर्व्हरवर अॅपच्या चार प्रोसेस चालत असतील तर प्रत्येकीला वेगळा नंबर लागतो, हे हमखास विसरलं जातं. 10 बिटांचे 7 आणि 3 असे भाग पाडा: 128 ठिकाणं, प्रत्येकी 8 प्रोसेस. नंबर म्हणजे `ठिकाण * 8 + प्रोसेस`.

घड्याळ मागे जातं

कारखान्यातला पीसी म्हटलं की धूळ, लाइटचा लपंडाव आणि मदरबोर्डवरचा मरायला टेकलेला सेल. सेल गेला की मशीन चालू होताना तारीख काही वर्षं मागची दाखवते. ती 1 जानेवारी 2024 च्याही आधीची असेल तर मिलिसेकंद उणे निघतात आणि पावतीला उणे नंबर मिळतो. हा प्रकार निदान डोळ्यांना दिसतो. घड्याळ पुढे पळत असेल आणि दुरुस्तीत दोन सेकंद मागे ओढलं गेलं, तर ते दिसत नाही: मशीन तेच, वेळ पुन्हा तीच, अनुक्रम पुन्हा 0.

क्रोनी एरवी घड्याळ हळूहळू सरकवत जुळवतं, पण अनेक ठिकाणी सेटिंगमध्ये `makestep 1.0 3` असतं. म्हणजे सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत एका सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला तर थेट उडी. म्हणून लाइट आल्यावर पावतीची सर्व्हिस घड्याळ जुळायच्या आधी सुरू होऊ देऊ नका. `chronyc waitsync` ने थांबवता येतं. फक्त नेट नसेल तेव्हा किती वेळ थांबायचं त्याची मर्यादा घाला, नाहीतर काटा त्यातच अडकेल.

नंबर काढणाऱ्या कोडने शेवटची वापरलेली वेळ लक्षात ठेवायची. घड्याळ त्याहून चार-पाच मिलिसेकंद मागे असेल तर तेवढं थांबायचं, जास्त मागे असेल तर नंबर द्यायला सरळ नकार द्यायचा. ट्विटरचा मूळ प्रोग्रॅमही मागे गेलेल्या घड्याळावर नंबर देत नसे. पण ही वेळ फक्त मेमरीत ठेवली तर रीस्टार्टला पुसली जाते. म्हणून दर काही सेकंदांनी डिस्कवर “आत्तापासून पाच सेकंद पुढे” अशी वेळ लिहायची, पुढची वेळ लिहीपर्यंत तिच्या पुढचा नंबर द्यायचा नाही, आणि सुरू होताना घड्याळ त्या वेळेच्या पुढे जाईपर्यंत थांबायचं.

ब्राउझरमध्ये शेवटचे आकडे बदलतात

जावास्क्रिप्टचा साधा आकडा 9007199254740991 पर्यंतच बिनचूक असतो. आपला स्नोफ्लेक नंबर ही हद्द सुरुवातीच्या तारखेपासून 25 व्या दिवशी ओलांडतो. तारीख गाळपाच्या मुहूर्ताची ठेवली असेल तर पहिले तीन आठवडे सगळं छान चालणार!

त्यानंतरही लगेच बोंब होत नाही, कारण अनुक्रम 0 असलेले नंबर 4096 च्या पटीत असतात आणि ते तसेच्या तसे टिकतात. लाइट नसताना कागदावर लिहिलेल्या पावत्या एकदम अपलोड केल्या की मात्र एका मिलिसेकंदात अनुक्रम 1, 2, 3 निघतात. 15 जानेवारीच्या आपल्या उदाहरणात या आकाराचे आकडे 16 च्या पटीतच साठतात, त्यामुळे 137782886400020483 चं होतं 137782886400020480. त्या मिलिसेकंदातले अनुक्रम 0 ते 8, म्हणजे नऊ पावत्या, एकाच नंबरावर येऊन बसतात.

वरच्या एररमध्ये हाच आकडा होता. म्हणजे जमा करणारा प्रोग्रॅम नोडमध्ये असेल तर तीच एरर यामुळेही येऊ शकते. ओळखायचं कसं? आदळलेल्या पावत्या एकाच कारखान्याच्या, एकाच प्रोसेसच्या असतील आणि तिथल्या स्थानिक डेटाबेसमध्ये त्यांचे नंबर वेगवेगळे दिसत असतील, तर दोष जावास्क्रिप्टचा. जेसनमध्ये नंबर अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवा. ट्विटरलाही `id` शेजारी `id_str` द्यावं लागलं ते यासाठीच.

मग यूयूआयडीच का नको?

माझं मत विचाराल तर या 12 कारखान्यांसाठी मी यूयूआयडीच घेईन, पण व्हर्जन 7. मे 2024 च्या आरएफसी 9562 मध्ये तो प्रमाण झाला. पुढे 48 बिट मिलिसेकंदांचे, मागे 74 बिट यादृच्छिक. मशीन नंबर नाही, त्यामुळे तक्ता नाही आणि इमेजची भीतीही नाही. घड्याळ मागे गेलं तर क्रम बिघडतो, पण नंबर जुळण्याची भीती व्यवहारात राहत नाही. पोस्टग्रेस 18 मध्ये `uuidv7()` आयताच मिळतो.

व्हर्जन 4 प्रायमरी की म्हणून घेऊ नका. तो पूर्ण यादृच्छिक, आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच ठेवल्या जातात. प्रत्येक नवी पावती कुठल्या तरी वेगळ्याच पानात घुसते, आणि टेबल मेमरीत मावेनासं झालं की इन्सर्ट रडत चालतो. दुसरी चूक `CHAR(36)` ची. `BINARY(16)` मध्ये तोच नंबर 16 बाइटांत बसतो, आणि इनोडीबीमध्ये प्रायमरी की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये पुन्हा लिहिली जाते, त्यामुळे फरक मोठा पडतो. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी आणखी एक बघावं: तिथला `uniqueidentifier` शेवटचे सहा बाइट आधी तपासून क्रम लावतो, त्यामुळे व्हर्जन 7 चा फायदा तिथे मिळत नाही.

लाखो नाही, कोट्यवधी ओळी असतील, 8 बाइटांची बचत खरोखर हवी असेल आणि मशीन नंबर सांभाळणारं कुणी जबाबदार असेल, तर स्नोफ्लेक घ्या. कागदावर मात्र दोन्हींपैकी काहीच छापू नका. शेतकऱ्याला फोनवर वाचून दाखवता येईल असा काट्याचा छोटा नंबर वेगळा ठेवा.

“साधारण क्रम” म्हणजे पक्का क्रम नव्हे

ही चूक दोन्हीकडे सारखीच. रिपोर्टचा प्रोग्रॅम शेवटचा वाचलेला नंबर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी `WHERE id > ?` चालवतो. एका सर्व्हरचं घड्याळ 300 मिलिसेकंद मागे असलं, किंवा एखादं ट्रान्झॅक्शन नंबर घेऊन उशिरा कमिट झालं, तर लहान नंबराची पावती मागून येते आणि रिपोर्टला ती कधीच दिसत नाही. नेट तुटलेल्या कारखान्याच्या पावत्या तर तासांनी येतात. म्हणून हेड ऑफिसने ओळ पोहोचल्यावर स्वतःच्या टेबलात स्वतःचा वाढता अनुक्रम द्यावा, रिपोर्टने तोच धरून वाचावं, आणि दर वेळी आधीची काही मिनिटं पुन्हा वाचून आलेल्या पावत्या नंबरावरून गाळाव्यात. ती मिनिटं तुमच्या सर्वांत लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त हवीत.