इनडोअर युनिटच्या फोटोवरून एसीची कंपनी आणि टन कसे ओळखावेत

लातुरात एसी बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करत मला बरीच वर्षं झाली. मार्च लागला की फोनवर फोटो यायला लागतात: ‘जुना मिळतोय, आमच्या खोलीला चालेल का?’ फोटो नेहमी पुढून काढलेला असतो. पांढरं झाकण, मधोमध कंपनीचं नाव, कोपऱ्यात हिरवा २४. एवढ्यावरून कोणी टन सांगत असेल तर तो अंदाजाने बोलतो आहे. तो २४ म्हणजे ठेवलेलं तापमान. आणि स्टार म्हणजे विजेची बचत, टन नव्हे.

पहिलं काम म्हणजे योग्य फोटो मागवणे. इनडोअर युनिटच्या उजव्या कुशीला किंवा बुडाशी एक चंदेरी-पांढरी पट्टी चिकटवलेली असते, तिचा फोटो हवा. मशीन बहुधा कोपऱ्यात ठोकलेलं असतं आणि उजवीकडे जेमतेम पंजा जाईल एवढीच जागा राहते. तिथे मोबाइल घालून फोटो नीट निघत नाही, म्हणून स्टुलावर चढून हळूहळू व्हिडिओ काढायला सांगा आणि नंतर त्यातली स्पष्ट जागा थांबवून वाचा. फ्लॅश बंद ठेवायचा, नाहीतर पट्टी चमकते आणि नेमके आकडेच पांढरे होतात. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा फोटो दाबला जातो, मग ३ आणि ८ सारखे दिसतात.

कंपनी पट्टीवरूनच ठरवा, पुढच्या झाकणावरून नाही. जुन्या बाजारात झाकण बदललेलं असू शकतं आणि रिमोट तर कुठलाही मिळतो. मॉडेल नंबरात क्षमतेचा आकडा बहुधा दडलेला असतो, पण तो प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने लिहिते. सॅमसंगच्या AR18 मधला १८ म्हणजे १८ हजार बीटीयू, म्हणजेच दीड टन. डायकिनच्या FTKL50 मधला ५० म्हणजे ५.० किलोवॉट, तोही बाजारात दीड टनच. एलजीच्या दीड टनी मॉडेलांत Q19 दिसतो. मॉडेल हाती लागलं की स्टार देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या स्टार लेबलच्या संकेतस्थळावर ते शोधा. युनिटवर स्टारचा कागद शिल्लक असेल तर फारच सोपं, त्यावर कूलिंग कपॅसिटी वॉटमध्ये छापलेली असते.

आता ज्या पायरीवर मी स्वतः चुकलो होतो, ती. पट्टीवर वॉटचे दोन-तीन आकडे असतात. एक कूलिंग कपॅसिटीचा, म्हणजे मशीन खोलीतली किती उष्णता बाहेर काढतं त्याचा. दुसरा रेटेड इनपुट, म्हणजे त्यासाठी साधारण किती वीज खातं. इन्व्हर्टर मशीनवर तिसराही असतो, मॅक्सिमम इनपुट, म्हणजे जास्तीत जास्त किती खाऊ शकतं. आपल्याला फक्त पहिला हवा. एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॉट कूलिंग, दीड टन म्हणजे ५,००० ते ५,३००, दोन टन म्हणजे ७,००० च्या आसपास. लोक मात्र १,५०० हा आकडा बघतात आणि ‘दीड टन’ म्हणून मोकळे होतात.

ही समजूत टिकून आहे, कारण ती कधीकधी खरी निघते. बरीच दीड टनी मशीनं खरोखरच १,५०० वॉटच्या आसपास वीज खातात. पण एक टनाच्या इन्व्हर्टरचा मॅक्सिमम इनपुटही १,५०० असू शकतो, आणि जुनं, वीज जास्त खाणारं एक टनी मशीन १,४०० पर्यंत सहज जातं. सुरुवातीच्या काळात जालन्याच्या एका गिऱ्हाइकाला मी असाच १,५०० चा आकडा वाचून ‘दीड टन आहे, घ्या’ म्हणालो. मे महिन्यात त्यांच्या खोलीचं तापमान तिशीच्या खाली येईना. पट्टी पुन्हा वाचली तेव्हा कूलिंगच्या ओळीत ३,४५० होते. मशीन मी पदरच्या पैशाने बदलून दिलं. तेव्हापासून कूलिंगची ओळ स्पष्ट दिसली नाही तर मी उत्तर देत नाही, फोटो परत मागवतो.

लांबीवरूनही ठरवू नका. एक टनाचं युनिट साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर आणि दीड टनाचं ९० ते १०० असतं हे ढोबळमानाने खरं आहे. पण काही कंपन्या एकाच सांगाड्यात दोन क्षमता बसवतात आणि फोटो तिरका असला की दहा सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

आता खोली. पट्टीवरचा आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो, तेव्हा बहुतेक मशीनांची ताकद दहाव्या हिश्शाने तरी कमी होते. म्हणून तो आकडा ०.९ ने गुणायचा. माझा हिशेब असा: वर दुसरा मजला असेल तर चौरस फुटाला ३० वॉट, वर थेट उन्हात तापणारा स्लॅब असेल तर ३८. पत्र्याच्या खोलीला आधी फॉल्स सीलिंग करून घ्या, तोवर मी कुठलाच टन सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात परभणीच्या एका मास्तरांनी फोटो पाठवला. विकणारा दीड टन म्हणत होता. पट्टीवर कूलिंग ३,५००, रेटेड इनपुट १,०६०, मॅक्सिमम १,५००. म्हणजे एक टन. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, ११ बाय १३, म्हणजे १४३ चौरस फूट. ३८ ने गुणलं की साधारण ५,४०० वॉट लागतात, आणि भर उन्हात हे मशीन देणार ३,१५०. खरा दीड टनीसुद्धा तिथे दुपारी कमी पडला असता, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. त्या खोलीसाठी मी स्लॅबला वरून पांढरा रंग आणि दीड टन असं सांगितलं. रंग द्यायचाच नसेल तर दोन टन.

पैसे देण्याआधी बाहेरच्या युनिटच्या पट्टीचाही फोटो मागवायला लावला. जुन्या मालात आतलं एका सेटचं आणि बाहेरचं दुसऱ्याचं अशी जोडी लावलेली सापडते. डायकिनच्या इनडोअरचं मॉडेल F ने सुरू होत असेल तर आउटडोअरचं R ने होतं, पॅनासॉनिकमध्ये आत CS आणि बाहेर CU असतं. पुढचा क्षमतेचा आकडा दोन्हीकडे एकच हवा. मास्तरांची जोडी बरोबर निघाली.

त्यांच्या आई खाली झोपतात. ती खोली १० बाय ११ आहे, वर मजला आहे. ११० गुणिले ३०, म्हणजे ३,३०० वॉट. भर दुपारी दीडशे वॉट कमी पडतील, रात्री मुळीच नाही. मास्तरांनी पट्टीचा फोटो विकणाऱ्यापुढे धरला, भाव एक टनाचा ठरवला आणि मशीन खाली आईंच्या खोलीत बसवलं.