पाचपैकी दोनच गोष्टी येतात? रिक्रूटरला उत्तर असं लिहा

समजा, तुम्ही वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत चार वर्षं ऑटोमेशनचं काम करताय. सावलीच्या एका प्लांटसाठी रिक्रूटरचा मेसेज येतो. त्यांना हवंय सीमेन्स पीएलसी, टीआयए पोर्टल, स्काडा, व्हीएफडी आणि एसएपी. तुमचा हात बसलाय तो डेल्टाच्या पीएलसीवर आणि व्हीएफडीवर. स्काडाचे काही स्क्रीन केलेत. सीमेन्स आणि एसएपी मात्र कधी वापरलेलं नाही.

लगेच उत्तर लिहू नका, आधी जेडीतला कामाचं स्वरूप सांगणारा भाग वाचा. एसएपीचा उल्लेख फक्त ब्रेकडाऊनची नोंद करण्यापुरता असेल, तर ते रुजू झाल्यावर शिकता येतं. प्रोग्राम बदलणं, फॉल्ट शोधणं हे पुन्हा पुन्हा येत असेल, तर खरी उणीव सीमेन्सची आहे. उत्तरात जास्त जागा तिलाच द्या.

आता त्या उणिवेच्या सर्वांत जवळचं तुमचं काम शोधा. लॅडर लॉजिकचा विचार दोन्हीकडे तोच असतो. फरक पडतो पत्त्यांमध्ये: डेल्टात `X0`, `Y0`, तर सीमेन्समध्ये `%I0.0`, `%Q0.0`, आणि वर डेटा ब्लॉक. टीआयए पोर्टलची ट्रायल 21 दिवस चालते. तेवढ्यात स्टार-डेल्टा स्टार्टरचा प्रोग्राम सिम्युलेटरवर चालवून पाहता येतो. तो खरोखर चालवला असेल तरच लिहा.

उत्तर बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा ठेवा:

"नमस्कार मॅडम, या जागेत मला रस आहे. डेल्टा पीएलसीवर चार वर्षं लॅडर लॉजिक लिहितोय. एका पॅकिंग लाइनवर सहा व्हीएफडी मॉडबसने जोडून कमिशनिंग केलंय. स्काडात अलार्म आणि ट्रेंडचे स्क्रीन केलेत. सीमेन्सवर प्रत्यक्ष मशीन चालवलेलं नाही, टीआयए पोर्टलवर सिम्युलेशन केलंय. एसएपी वापरलेलं नाही. सीमेन्सचा साइटवरचा अनुभव अनिवार्य आहे का? नोटीस पिरियड 30 दिवस."

रिक्रूटर बऱ्याचदा ऑटोमेशनमधला नसतो. तो हा मजकूर प्लांटच्या इंजिनिअरला जसाच्या तसा पाठवू शकतो, म्हणून मशीन आणि काम यांची नावं स्पष्ट हवीत. "सीमेन्सचं बेसिक नॉलेज आहे" हे मात्र टाळाच. इंटरव्ह्यूमध्ये डेटा ब्लॉक कशासाठी वापरला असं विचारलं की तिथेच गाडी अडते, आणि मग डेल्टाच्या खऱ्या कामावरही विश्वास बसत नाही. "लवकर शिकतो" हेही नको; सिम्युलेशनचं वाक्य ते काम करतं.

"अनिवार्य आहे" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. "डेल्टा किंवा मित्सुबिशीवरचं काही आलं तर कळवा" एवढं लिहून सीव्ही पाठवून ठेवा. "मॅनेजरला विचारून सांगते" असं आलं, तर दोन-तीन कामाच्या दिवसांनी एकदा आठवण करा आणि त्याच मेसेजखाली लिहा, म्हणजे आधीचा तपशील त्यांना शोधावा लागत नाही.